सकाळी सव्वाआठचा स्लॉट: नोकरीत असताना मुलाखतीची वेळ कशी मागावी

प्रश्न: "हिंजवडीत बॅकएंड डेव्हलपर आहे, साडेचार वर्षं झाली. मंगळवार ते गुरुवार ऑफिस, सोमवार-शुक्रवार घरून. रोज दहाला स्टँडअप असतो. नोटीस ६० दिवसांची. मुलाखती मात्र सगळे ११ ते ५ मध्येच लावतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळची वेळ मागितली तर आगाऊपणा वाटेल का? आणि टीममध्ये कुणाला सुगावा न लागता हे जमवायचं कसं?"

आगाऊपणा अजिबात वाटत नाही. अनुभवी माणसांची भरती करणाऱ्याकडे येणारे बहुतेक उमेदवार कुठे ना कुठे नोकरीतच असतात, त्यामुळे ही विनंती आम्हाला रोजची आहे. ती फिसकटते तेव्हा बहुधा उशिरा आलेली असते किंवा मोघम असते.

आधी स्लॉट ठरतो कसा ते बघा. तुमचा सीव्ही पुढे सरकला की रिक्रूटर कोऑर्डिनेटरला कळवतो. कोऑर्डिनेटर पॅनेलमधल्या दोन-तीन इंजिनिअरांची कॅलेंडरं शेजारी शेजारी उघडते आणि जिथे तासाभराची मोकळी जागा दिसेल तिथे इन्व्हाइट टाकते. कॅलेंडरमध्ये कामाची वेळ नऊ ते सहा अशी भरलेली असते. त्याबाहेरचा भाग स्क्रीनवर करडा दिसतो, म्हणून तिकडे कुणी बघतच नाही. म्हणजे ११ ते ५ हा कुणाचा नियम नसून सवयीने लागलेली वेळ आहे. इन्व्हाइट जाण्याआधी ती बदलायला एक ओळ पुरते. इन्व्हाइट गेल्यावर मात्र पॅनेल, रिक्रूटर आणि कोऑर्डिनेटर अशा तिघांना पुन्हा हलवावं लागतं आणि तुमच्या नावापुढे 'रीशेड्यूल' असा शेरा पडतो. तो एकदा पडला तर कुणी मनावर घेत नाही, दोनदा पडला की "हिला खरंच यायचंय का" असं बोललं जातं.

म्हणून वेळेचा विषय पहिल्याच फोनवर काढा. रिक्रूटर सीटीसी, अपेक्षा आणि नोटीस विचारतो, त्याच ओघात सांगून टाका की कामाच्या वेळेत व्हिडिओ कॉल घेता येत नाही, सकाळी सव्वाआठ किंवा रात्री साडेआठ चालेल, नेमक्या वेळा मेल करते. मग त्याच दिवशी मेल टाका. मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर साधारण असा असू द्या:

"पहिल्या तांत्रिक फेरीसाठी माझ्या सोयीच्या वेळा (सर्व भारतीय वेळ):
शुक्रवार, सकाळी ८.१५ ते ९.१५
सोमवार, सकाळी ८.१५ ते ९.१५
बुधवार, रात्री ८.३० ते ९.३०
सध्या नोकरीत असल्यामुळे कामाच्या वेळेत मुलाखत देणं शक्य होत नाही. यातलं काहीच जमत नसेल तर सोमवारी किंवा शुक्रवारी दुपारी १ ते २ मध्ये ४५ मिनिटं काढू शकते. नोकरी शोधत असल्याचं माझ्या कंपनीत कुणाला माहीत नाही, तरी तिथे कुणाकडेही चौकशी करू नये ही विनंती. इन्व्हाइट याच पत्त्यावर पाठवावं."

वारांपुढे तारखाही घाला आणि पहिला पर्याय किमान दोन दिवस पुढचा ठेवा. उद्या सकाळी आठची वेळ मागितली तर पॅनेलमधल्या माणसाला ती रात्री उशिरा कळते आणि तो नाही म्हणून मोकळा होतो.

"सहानंतर कधीही चालेल" असं मात्र लिहू नका. लिहिणाऱ्याला ते सोयीचं वाटतं, पण कोऑर्डिनेटर बरोबर सहाचा स्लॉट टाकते आणि सहाला तुम्ही कंपनीच्या बसमध्ये वाकड पुलाखाली अडकलेल्या असता. तीन ठोस वेळा दिल्या की समोरच्याला फक्त एकीवर बोट ठेवायचं असतं.

सव्वाआठच का, तर तुमचा दिवस उलटा मोजून बघा. स्टँडअप दहाला. तासाभराच्या फेरीत पॅनेल पाच-दहा मिनिटं उशिरा येतं आणि मुलाखत रंगली तर शेवटी दहा-पंधरा मिनिटं सरकते. म्हणजे सव्वाआठला सुरू झालेली फेरी वाईटात वाईट पावणेदहाला संपते आणि तुम्हाला पाणी पिऊन लॉगिन करायला पंधरा मिनिटं मिळतात. नऊचा स्लॉट घेतलात तर शेवटचा प्रश्न चालू असताना तुमचं लक्ष घड्याळाकडे राहणार, आणि ते समोर दिसतं. उलट साडेसात मागितले तर पॅनेलमधल्या ज्यांच्या घरी शाळकरी पोरं आहेत ते नकार देतात, कारण ती डबे आणि स्कूल बसची वेळ. सव्वाआठ ते साडेआठ दोघांनाही परवडतं. ऑफिसच्या तीन दिवशी सकाळ विसरा. साडेआठ म्हणजे तुमची बस गाठायची वेळ, आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकवर भरवसा ठेवून मुलाखत लावू नये.

संध्याकाळचं गणित वेगळं आहे. तिथे प्रश्न तुमच्या वेळेचा नसून त्यांच्या क्लायंटच्या वेळेचा आहे. पहिल्याच फोनवर विचारून घ्या की टीम कुठल्या क्लायंटसाठी काम करते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. अशा टीमचे लोक साडेसहा ते साडेनऊ क्लायंटच्या कॉलवर असतात, म्हणून त्यांच्याकडे संध्याकाळ मागून उपयोग नाही. त्यांची सकाळ मात्र रिकामी असते, फक्त रात्री जागल्यामुळे ते साडेआठच्या आधी तयार होणार नाहीत. ब्रिटनचा क्लायंट असेल तर लंडनचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. त्यांची गर्दी दुपारी आणि संध्याकाळी सातपर्यंत, त्यामुळे रात्री आठ-साडेआठ मिळू शकतात आणि सकाळ तर हमखास. दोन्हीकडे सकाळ जास्त भरवशाची आहे. संध्याकाळच्या फेऱ्या ऐनवेळी रद्द होण्याचं प्रमाण माझ्या पाहण्यात जास्त आहे, कारण दिवसभरात कुठे तरी प्रॉडक्शन अडतं आणि पॅनेलमधला माणूस त्यात ओढला जातो. म्हणून तीन पर्यायांत दोन सकाळचे, एक रात्रीचा.

मुलाखत घेणाराच परदेशात असेल तर वेळ तुमच्या सोयीची आपसूक मिळते, पण इन्व्हाइटमधली वेळ कुठल्या देशाची आहे ते तपासा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत तासाचा घोळ नेहमी होतो.

आता कुठे हे चालत नाही तेही सांगतो. एका दिवसात पन्नास जणांच्या मुलाखती घेणारा ड्राइव्ह असेल तर वेळ मागून काही होणार नाही. तिथे शनिवारचा ड्राइव्ह कधी आहे एवढंच विचारा, बरेचदा असतो. पहिल्या फेरीत तुम्ही अनेकांपैकी एक असता म्हणून लवचिकता कमी असते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांनी तुमच्यावर वेळ घातलेला असतो, मग मॅनेजर स्वतःहून "आठला बसू" म्हणतो. आणि एखाद्या कंपनीने सकाळ, रात्र, जेवणाची सुट्टी तिन्ही नाकारलं तर त्यावरूनही तिथल्या कामाच्या वेळांचा थोडा अंदाज येतो. तरी जागा हवीच असेल तर सांगा की मी अर्धा दिवस रजा टाकते, पण त्याच दिवशी दोन फेऱ्या लागोपाठ घ्याल का? एका अर्ध्या रजेत दोन फेऱ्या उरकणं हा सौदा बहुतेक रिक्रूटर आनंदाने करतात, कारण त्यांचाही आठवडा वाचतो.

रजेचं कारण "वैयक्तिक काम" एवढंच. कॅज्युअल रजेला याहून जास्त कारण द्यावं लागत नाही. आजारपण सांगू नका. एक तर खोटं आठवणीत ठेवावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी करणाऱ्या सहकाऱ्याला पुन्हा तेच सांगावं लागतं. पंधरा दिवसांत तीन अर्ध्या रजा, त्याही एकाच वारी, असा नमुना मात्र टीम लीडच्या नजरेत भरतो. तुमच्या तीन स्लॉटमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वेगवेगळे वार दिलेत त्याचा इथेही उपयोग आहे.

गुपित फुटण्याबद्दल लोक नको त्या गोष्टींची धास्ती घेतात. इस्त्रीचा शर्ट घातला तर कळेल, ही त्यातलीच. प्रत्यक्षात गोष्ट फुटते ती बहुतेक वेळा फोन आणि लॅपटॉपमुळे.

सगळ्यांत धोक्याचं Teams. तुमच्या फोनवर ऑफिसच्या खात्याने लॉगिन केलेलं Teams आहे. मुलाखतीची लिंक आली, तुम्ही फोनवरच दाबली, की ती त्याच ॲपमध्ये उघडते आणि तुम्ही ऑफिसच्या खात्याने आत शिरता. समोरच्या पॅनेलला तुमच्या नावाशेजारी बाहेरच्या संस्थेचा शिक्का दिसतो, ते एक वेळ चालेल. पण तुमच्या टीमला त्याच वेळी तुमचा हिरवा ठिपका लाल होऊन 'कॉलवर' असा दिसू शकतो. सकाळी साडेआठला, कुठलीही मीटिंग नसताना. यावर उपाय सोपा आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, लिंक तिथे चिकटवा, ब्राउझरमधूनच पुढे जाण्याचा पर्याय निवडा आणि नाव हाताने टाइप करून पाहुणे म्हणून आत या. Google Meet असेल तर आत जाण्याआधी कुठलं खातं निवडलेलं आहे ते पाहून घ्या. ही तालीम आदल्या रात्री करा. लॉबीपर्यंत जाऊन परत आलं तरी चालतं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर या प्रकरणातलं काहीही नको. वैयक्तिक Gmail तिथल्या Chrome मध्ये उघडं ठेवायची सवय अनेकांना असते. दहाच्या स्टँडअपला तुम्ही स्क्रीन शेअर करून तिकिटं दाखवत असता आणि उजव्या कोपऱ्यात "Interview Round 2" अशी पट्टी सरकत येते. आठ जण बघतात, कुणी काही बोलत नाही, आणि दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला माहीत असतं. मेल बंद केलं तरी तिथून उघडलेल्या साइट्सची नोंद कंपनीकडे राहू शकते. घरून काम करतानाही लॅपटॉप त्यांचाच असतो, हे विसरायला होतं. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर भावाचा, मैत्रिणीचा मागून आणा. कोडिंगची परीक्षा लॅपटॉपचा कॅमेरा आणि स्क्रीन दोन्ही ताब्यात घेते, ती ऑफिसच्या मशीनवर बहुधा चालतही नाही आणि फोनवर देता येत नाही.

फोन टेबलावर पालथा ठेवायची सवय लावा. रिक्रूटरचे फोन साधारण अकरा ते एक आणि तीन ते पाच या वेळेत येतात, आणि Truecaller त्या नंबरावर कंपनीच्या नावासकट "HR" असं ठळक अक्षरात दाखवतं. शेजारच्या खुर्चीवरून ते छान वाचता येतं. असा फोन आला की उठून जिन्यात जाऊन कुजबुजत बोलणं सगळ्यांत वाईट, कारण रोज एकदा जिन्यात जाणारा माणूस लगेच लक्षात येतो. फोन कापा आणि तयार ठेवलेला संदेश पाठवा: "आत्ता बोलता येत नाही, १.१५ ला मी फोन करते." आणि खरंच सव्वाला करा, कॅन्टीनमध्ये न बसता आवाराबाहेर चालत चालत. रिक्रूटरला एवढंच हवं असतं की माणूस परत फोन करतो. WhatsApp च्या सूचनांमधला मजकूर लपवायचा पर्याय फोनच्या सेटिंगमध्ये आहे, तोही चालू करून टाका.

मुलाखत कुठे द्यायची? घर, आणि घर नसेल तर उभी केलेली गाडी. ऑफिसची छोटी मीटिंग रूम मोहात पाडते, पण तिच्या काचेतून तुम्ही दिसता, बुकिंग तुमच्या नावावर असतं आणि नेटवर्क कंपनीचं असतं. गाडीत द्यायची वेळ आली तर फोन डॅशबोर्डवर डोळ्यांच्या उंचीला लावा, तोंड उजेडाकडे ठेवा, आणि सुरुवातीलाच सांगा की मी गाडीत बसून बोलते आहे, गाडी उभी आहे. लपवलं तर ते विचित्र वाटतं, सांगितलं तर कुणालाच काही वाटत नाही. गाडीत बोलण्याची फेरी चालते, कोड लिहायची फेरी नाही.

तुमच्या आठवड्यावर हे बसवून बघू. सोमवारी दुपारी सव्वाला रिक्रूटरशी वीस मिनिटं बोलणं, संध्याकाळी वेळांचा मेल. शुक्रवारी सव्वाआठला पहिली तांत्रिक फेरी घरून. ती झाल्यावर लगेच, दहाच्या आधी, रिक्रूटरला दोन ओळी: फेरी झाली, पुढची असेल तर पुढच्या बुधवारी रात्री साडेआठ किंवा शुक्रवारी सव्वाआठ चालेल. निकाल यायच्या आधीच पुढच्या वेळा दिल्यात की कोऑर्डिनेटर पुन्हा ११ ते ५ कडे वळत नाही. दुसरी फेरी बुधवारी रात्री. त्या दिवशी ऑफिसमधून नेहमीच्या बसने निघा, लवकर उठून जाऊ नका, साडेआठ म्हणूनच मागितले आहेत. शेवटची मॅनेजरची फेरी प्रत्यक्ष भेटून असेल तर शनिवार विचारा, नाहीच जमलं तर राखून ठेवलेली अर्धी रजा इथे वापरा. पहिल्या फेरीवर ती उडवू नका. या हिशोबाने दोन-सव्वादोन आठवड्यांत सगळं उरकतं, आणि एकाही दिवशी तुमचा स्टँडअप चुकलेला नसतो.

पॅनेलने ऐनवेळी स्लॉट रद्द केला तर चिडून मेल करू नका, पण दुपारची वेळही कबूल करू नका. "हरकत नाही, सोमवारी सकाळी ८.१५ ठेवूया का?" एवढं पुरतं. एकदा दुपार दिलीत की तुम्हाला दुपार जमते अशी नोंद होते.

प्रोफाइलचं थोडक्यात. Naukri वर सेटिंगमध्ये ठरावीक कंपन्यांना तुमचं प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे आपल्या कंपनीचं नाव टाकताना तिच्या भगिनी कंपन्यांचीही टाका. LinkedIn वर "Open to Work" फक्त रिक्रूटरांना दिसेल असं ठेवता येतं, आणि फोटोभोवती हिरवी कड येत नाही. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरांपासून ते लपवायचा प्रयत्न LinkedIn करतं, पण पूर्ण हमी देत नाही, तसं तिथे लिहिलेलंही आहे. प्रोफाइल दुरुस्त करायला घेण्याआधी बदलांची खबर ओळखीच्यांना जाणारं सेटिंग बंद करा. कन्सल्टन्सीमार्फत जात असाल तर पहिल्याच मेलमध्ये लिहा की माझी लेखी संमती घेतल्याशिवाय सीव्ही कुठेही पाठवू नये. कन्सल्टंटकडे एकाच वेळी अनेक कंपन्या असतात आणि त्यात तुमची स्वतःची असू शकते. स्वतःचाच सीव्ही आपल्या एचआरच्या मेलबॉक्समध्ये पोचण्याचा प्रकार पुण्यात नवीन नाही.

शेवटची खिंड पार्श्वभूमी तपासणीची. ऑफर हातात आल्यावर एक फॉर्म येतो, त्यात सध्याच्या कंपनीशी संपर्क साधू का असा रकाना असतो. तो घाईत "हो" भरला जातो, आणि तुम्ही राजीनामा द्यायच्या आधीच तपासणी करणाऱ्या एजन्सीचा मेल तुमच्या एचआरकडे जातो. तिथे "नाही" भरा आणि सोबत लिहा की राजीनामा स्वीकारल्याचा मेल मिळाल्यावर मी तारीख कळवेन, त्यानंतर संपर्क करावा. तोवर पगाराच्या स्लिपा, नेमणूक पत्र आणि पीएफच्या यूएएनवरची नोकरीची नोंद एवढ्यावर त्यांचं काम भागतं. संदर्भासाठी दोन नावं मागितली तर आधीच्या कंपनीतली द्या. सध्याच्या टीममधलं कुणी, कितीही जवळचं असलं, तरी नको.